शेवटचा बेसिक

काळुराम भोईरच्या रिटायरमेंटला महिना उरला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, बॉयलरवर तेहतीस वर्षं काढलेला गडी. कारखाना जुना, स्वतःचा पेन्शन ट्रस्ट असलेला. "अर्धा पगार घरबसल्या!" असं तो न विचारता कुणालाही सांगायचा. ओव्हरटाइम, नाइट अलाउन्स धरून हातात बासष्ट हजार यायचे. म्हणजे पेन्शन एकतीस. झाला हिशेब, बसला मिशीला पीळ.

त्याची बायको गोदा बावीस वर्षं डबे करत होती. चौदा डबे, पहाटे साडेचारचा गजर, गुडघे कामातून गेलेले. तिला आयुष्यात आता एकच हवं होतं, तो गजर बंद होणं. "मी रिटायर झालो की तुझी शेगडी बंद," असं काळुरामने कबूल केलेलं. पण शब्द पाळायची याची तऱ्हा बघा! रविवारी उठला, चौदाच्या चौदा दारं फिरला आणि म्हणाला, "माझी बायको तुमची मोलकरीण नाय. उद्यापासून हॉटेलात गिळा."

सुदेशला तर जरा जास्तच सुनावलं. सुदेश याच कारखान्यातला, याच्यापेक्षा एका वर्षाने ज्युनियर. बायको गेल्यापासून गोदाच्या डब्यावर जगणारा. सुपरवायझरचं प्रमोशन आधी काळुरामला आलेलं, एकदा नाही, दोनदा. याने धुडकावलं, कारण सुपरवायझरला ओव्हरटाइम नाही. सुदेशने घेतलं. "बिनकामाचा साहेब, हातात माझ्यापेक्षा कमी!" म्हणून याने त्याला वर्षानुवर्षं टोमणे मारले. गेल्या साली सुदेश रिटायर झाला, एकतीस वर्षं भरून, आणि त्याला साडेपंधरा हजार पेन्शन बसली. तेव्हा हा पोट धरून हसला. गोदा तेव्हाच म्हणालेली, "अहो, ऑफिसात एकदा विचारून तर घ्या." तर म्हणे, "पगारातलं तुला काय कळतंय?"

शेवटी फॉर्मवर जोडीचा फोटो आणि नवऱ्यानंतरच्या पेन्शनसाठी बायकोची सही लागते म्हणून गोदाला ऑफिसात जावं लागलं. टेबलामागे मेघना, पेन्शनचं काम बघणारी मुलगी. तिने कागद पुढे सरकवला. "काका, बघून घ्या. नऊ हजार नऊशे."

"हप्ता?"

"महिन्याची पेन्शन, काका."

"अगं, मी सुदेशला सिनियर! त्याला साडेपंधरा आणि मला नऊ? कॉम्प्युटर बिघडलाय तुझा."

मेघनाने शांतपणे पेनने लिहून दाखवलं. "शेवटचा बेसिक गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सहासष्ट. वर्षं जास्तीत जास्त तेहतीस. ती तुमची पूर्ण आहेत, म्हणून तुम्हाला बरोबर अर्धं मिळतंय. पण अर्धं बेसिकचं. तुमचा बेसिक एकोणीस हजार आठशे."

"आणि ओव्हरटाइम?"

"तो धरत नाहीत. नाइट अलाउन्सपण नाही. प्रमोशन झालं की बेसिक वाढतो ना, काका, तो वाढला असता." मग ती जरा अडखळली. "नियमांचं पुस्तक नोकरीला लागताना सगळ्यांना दिलेलं."

ते पुस्तक गोदाला आठवलं. बावीस वर्षं ते डगमगत्या मांडणीच्या पायाखाली होतं. मिशीचा पीळ जागच्या जागी सुटला. गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते याच्यासाठी नव्हतं. आपल्या दोन गुडघ्यांसाठी होतं. तिने सही केली आणि उठली.

रस्त्यात हा पुटपुटत राहिला, "ट्रस्टवाले चोर आहेत साले." गोदा थांबली.

"चोर कुठले हो! दोनदा दारात आलेली लक्ष्मी तुम्ही लाथाडलीत. वर माझी चौदा गिऱ्हाइकं शिव्या घालून हाकललीत. वा रे सिनियर!"

काळुराम मान खाली घालून तिच्या मागून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला गजर वाजला. गोदाने उठून तो बंद केला, घड्याळ नवऱ्याच्या उशाशी ठेवलं आणि त्याला हलवलं. "उठा. कांदे चिरायचेत. आणि महिना संपला की डबेपण तुम्हीच पोचवायचे. आज पहिला सुदेशभाऊंना. माफी मागून द्यायचा."

कामावर जाण्याआधी हा डबा घेऊन गेला आणि दहा मिनिटांत परत आला. खांदे पडलेले, डबा हातात नव्हता.

"घेतला का?"

"घेतला."

"काय म्हणाले?"

काळुरामने चपला काढल्या, नीट लावल्या, भिंतीकडे बघून म्हणाला, "म्हणाला, वहिनींना सांग, पैसे वेळेवर देईन. आणि मला म्हणे, डबे पोचवायचा तुझा बेसिक किती ठरलाय, ते वहिनींकडून आधी लिहून घे."

गोदा बावीस वर्षांत शेगडीपुढे इतकी कधी हसली नव्हती. हसता हसता ती गुडघा धरून खाली बसली, आणि मग बराच वेळ तिला उठता आलं नाही.