तिसऱ्या ओळीतले चौसष्ट टक्के

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. शिक्षणाचं काम करणाऱ्या त्या संस्थेत मूल्यमापन अहवाल लिहिणं तिच्याकडे होतं, आणि कुणीही आणलेला आकडा ती दोनदा हलवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. तिला ते नाव आवडायचं, पण तसं ती कधी बोलून दाखवत नसे.

वार्षिक अहवाल देणगीदारांकडे जायला बारा दिवस उरले होते. मुख्य तक्ता तयार होता. डावीकडे निर्देशक, मग सुरुवातीच्या चाचणीचा आकडा, मग वर्षासाठी ठरवलेलं उद्दिष्ट आणि शेवटी प्रत्यक्षात काय साधलं. केंद्रं किती दिवस चालली, शिक्षकांची प्रशिक्षणं किती झाली, या पहिल्या दोन ओळींत काही खटकण्यासारखं नव्हतं. तिसरी ओळ वाचनाची होती. साधा परिच्छेद न अडखळता वाचणारी मुलं सुरुवातीला एकतीस टक्के होती. उद्दिष्ट साठ टक्क्यांचं होतं आणि साधले होते चौसष्ट.

मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या संचालिका, त्या आकड्यावर भलत्याच खूश होत्या. चाळणीबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हा आकडा ज्या पाच केंद्रांचा होता, त्यांचा पर्यवेक्षक तिचा मावसभाऊ होता. चार वर्षांपूर्वी त्याची शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा त्याचा अर्ज तिनेच ऑफिसात आणून दिला होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. तिने शब्द टाकला म्हणून तो लागला, हे ऑफिसात कुणी विसरलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या कागदांवर ती इतरांपेक्षा जास्त बारीक नजर ठेवायची. उद्या कुणी बोट दाखवायला नको.

तिने मूळ नोंदी उघडल्या. वाचनाची चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घ्यायची असते. मूल बुजरं नसलं तरी सहा-सात मिनिटं लागतातच. टॅबलेटवर प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप पडते. मास्तरच्या एका केंद्रावर एक्केचाळीस मुलांच्या नोंदी चार वाजून दहा मिनिटं ते पाचला दहा कमी एवढ्यात झाल्या होत्या. एका मुलाला एक मिनिट. बाकीच्या चार केंद्रांतही तीच गत.

घरी बसून आकडे भरणारी माणसं तिने पूर्वी पाहिली होती. पण ती परकी होती.

दुपारी तिने मोठ्या बाईंना सांगितलं. पडताळणी होईपर्यंत मास्तरांनी केंद्रांवर जाऊ नये, एवढंच तिने लिहून दिलं, आणि ते नियमाला धरूनच होतं. मोठ्या बाईंनी त्याचा हुकूम केला, कळवेपर्यंत घरीच थांबा. संध्याकाळी मावशीचा फोन आला. मास्तर काही बोलत नाही, जेवला पण नाही, तुमच्या ऑफिसात काय झालंय, असं ती विचारत होती. तिने कामाचं काहीतरी आहे म्हणून वेळ मारून नेली. तिच्याच सहीचा कागद आहे हे मावशीला सांगायला तिची जीभ वळली नाही.

नियम असा होता की तपासलेल्यांपैकी दहावा हिस्सा मुलं पुन्हा तपासायची. यादीतून तिने सतरा मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि दुसऱ्या भागातल्या तपासनीस बाईंना बरोबर घेऊन दोन दिवस केंद्रं फिरली. परिच्छेद नवा होता, मास्तरने कधी न पाहिलेला. सतरापैकी सोळा मुलं त्याच पातळीवर वाचत होती. एकजण थोडा घसरला होता.

सुटकेचा श्वास सोडायला हवा होता, पण तिला चक्क हिरमुसल्यासारखं झालं, आणि याची तिला नंतर फार लाज वाटली. केंद्राच्या शिक्षिकेने कपाटातून एक गठ्ठा काढून दिला. प्रत्येक मुलाचा वेगळा कागद, त्यावर चुकलेल्या शब्दांवर पेन्सिलीच्या खुणा, वर तारीख. चाचणी सहा दिवस चालली होती. टॅबलेट समोर दिसला की मुलांचं लक्ष त्यातच जातं, म्हणून मास्तरने कागदावर घेतली आणि शेवटी एका बैठकीत सगळं टॅबलेटवर चढवलं. वेळा जुळत नव्हत्या त्या एवढ्याचसाठी.

तिने तिथेच कागद मोजायला घेतले. पाचही केंद्रांचे मिळून एकशे एकाहत्तर. सुरुवातीच्या चाचणीला दोनशे चाळीस मुलं होती.

एकोणसत्तर मुलं गेली कुठे? मनातला संशय उठून पुन्हा कामाला लागला. आकडे खोटे नसतील, पण कच्ची मुलंच चाचणीला बसवली नसतील तर? वाचता न येणारी वगळली की टक्केवारी आपोआप वर जाते. त्यासाठी एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही. आत्तापर्यंत तिला नुसती शंका होती. आता राग आला.

ती थेट मास्तरच्या घरी गेली. मावशी बाहेर गेली होती. तो खुर्चीची सैल झालेली पट्टी ठोकत बसला होता. तिला पाहून त्याने हातोडी खाली ठेवली, पण उठला नाही.

“दादा, एकोणसत्तर मुलं चाचणीला का नव्हती?” तिने उभ्यानेच विचारलं.

“यादीत नव्हती म्हणून.”

“यादी तू केलीस.”

“मी नाही केली, तायडे. तू केलीस.”

तो आत गेला आणि एक फाइल घेऊन आला. त्यात छापलेली यादी होती, वर तिच्या मेलचा मजकूर. ‘सोबतच्या सुधारित यादीतील मुलांचीच चाचणी घ्यावी.’ खाली तिचं नाव. तारीख सहा महिन्यांपूर्वीची.

“मी फोन केला होता तेव्हा,” तो म्हणाला. “म्हटलं, यात बरीच मुलं गळली आहेत. तू म्हणालीस, यादी पक्की आहे, तेवढी पाळ. मी पाळली.”

तिला तो फोन आठवत नव्हता, आणि नेमकं तेच तिला जास्त लागलं. पाणी दिलं तेही न पिता ती परतली.

ऑफिसात जाऊन तिने जुने मेल काढले. वर्षाच्या मध्यावर मोठ्या बाईंनी लिहिलं होतं की पटावर नुसती नावं असलेली मुलं काढून यादी स्वच्छ करा. तिने निम्म्याहून कमी हजेरीची सगळी मुलं एका फटक्यात गाळली होती. तोच नियम सुरुवातीच्या आकड्याला लावायचा, नाहीतर निदान तळटीप द्यायची, हे दोन्ही राहून गेलं होतं. म्हणजे एकतीस टक्के होते सगळ्या मुलांचे आणि चौसष्ट टक्के होते नियमित येणाऱ्यांचे. तिने गाळलेली मुलं वजा करून सुरुवातीचा आकडा पुन्हा मांडला. ती एकशे एकाहत्तर मुलं मुळातच चाळीस टक्क्यांवर होती.

मग तिने मास्तरचे मासिक अहवाल उघडले. त्यांतले आकडे तिच्या तक्त्यात आपोआप येत, शेराचा रकाना येत नसे. तो तिने वर्षभर वाचलाच नव्हता. तीन महिने लागोपाठ मास्तरने तिथे एकच गोष्ट लिहिली होती. केंद्राची वेळ दुपारची होती, ती सकाळची केल्यापासून बरीच मुलं येत नाहीत. आई सकाळी कामाला जाते, धाकटं भावंड सांभाळायला घरी हीच असतात. वेळ पुन्हा दुपारची करावी ही विनंती.

वर्षभर ती ज्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवून होती, त्याचं तीन ओळींचं लिखाण तिने वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा त्याचं दार वाजवलं. गाळलेल्या मुलांची घरं त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. तिने माफी मागायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, “ते नंतर बघू. आधी मुलं शोधू, दिवस कमी आहेत.” घरी थांबायचा हुकूम अजून उठला नव्हता. मोठ्या बाईंना तिने फोनवर फक्त कळवलं, परवानगी मागितली नाही.

तीन दिवस ते तिघे गल्ल्या फिरले. तपासनीस बाई आणि ती घरात जात, मास्तर बाहेर रस्त्यावर थांबे. त्याने ओठ हलवून शब्द सुचवला असं कुणी म्हणू नये, हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं. एका घरी नऊ वर्षांची मुलगी मांडीवरच्या बाळाला थोपटत परिच्छेद वाचत होती. दोन शब्दांवर अडली, मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि पूर्ण केलं. मग विचारलं, आता मला परत यादीत घेणार का? म्हणजे आपलं नाव गाळल्याचं तिला कळलं होतं. चाळणीबाई कागदावर तारीख घालत राहिली. तपासनीस बाईंनीच हो म्हणून टाकलं.

एकोणसत्तरांपैकी तेवीस मुलं आपापल्या कुटुंबांबरोबर दुसरीकडे गेली होती. सेहेचाळीस सापडली. त्यातली अकरा वाचत होती. तिने हिशोब मांडला. सापडलेल्या सगळ्या दोनशे सतरा मुलांत एकशे वीस वाचणारी, म्हणजे पंचावन्न टक्के. याच मुलांचा सुरुवातीचा आकडा तेहेतीस होता. प्रगती खरी होती आणि चांगली होती, पण साठला ती पोचत नव्हती. तिसऱ्या ओळीत तिने चौसष्ट खोडून पंचावन्न लिहिलं आणि पुढच्या रकान्यात ‘उद्दिष्ट अपूर्ण’. खाली टीप दिली. यादी कुणी बदलली, कधी बदलली, त्याने काय झालं, न सापडलेली मुलं किती, आणि मुलं का गळली याचं मास्तरने दिलेलं कारण, त्याच्याच शब्दांत.

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. चौसष्टच ठेवू आणि खाली ‘नियमित मुलांपैकी’ असं घालू, खोटं तर नाही ना ते, असं त्यांनी सुचवलं. ती म्हणाली की खोटं नाही, पण त्याच्या शेजारी एकतीस ठेवलं की ते खोटं होतं.

“आणि देणगीदारांनी हात काढून घेतला तर?”

“तर तो माझ्या यादीमुळे. टिपेत तसं लिहिलंय.”

मोठ्या बाईंनी टीप तिसऱ्यांदा वाचली. मग अहवाल आहे तसा पाठवा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, पण विरोधही नव्हता.

देणगीदारांनी चार प्रश्न विचारले, चारही यादीबद्दल. उत्तरं गेल्यावर त्यांनी उद्दिष्ट साठच ठेवून एक वर्ष वाढवून दिलं आणि वेळ बदलल्याचा परिणाम वेगळ्या निर्देशकाने मोजायला सांगितलं. मास्तरवरचा हुकूम उठला आणि केंद्रं पुन्हा दुपारी भरू लागली.

महिन्याच्या बैठकीत तिने उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मास्तरांच्या कामात चूक नव्हती, चूक तिची होती, आणि घरी बसवण्याची सुरुवात तिच्या कागदाने झाली. मास्तर खाली बघत ऐकत होता. नंतर त्याने एकच मागणी ठेवली. मोठ्या बाईंनी त्याच्या पाच केंद्रांची पडताळणी यापुढे दुसऱ्या कुणाकडे द्यावी.

मागणी मान्य झाली. मावशीकडे तो तिच्याशी बोलतो, हवापाण्याचं, मुलांच्या परीक्षांचं. कामाचं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ती त्याचा शेराचा रकाना उघडते आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचते. बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं, ‘विशेष काही नाही.’ आणि खरंच काही नाही की आता लिहिणं सोडलंय, हे तिला कळत नाही.