एकास पन्नास

त्या गावात जमिनीवर टेप पसरणं म्हणजे मार खाण्याचं काम होतं. ऐरोलीच्या खालच्या अंगाला, मिठागरांच्या कडेला वसलेलं ते गाव. नव्या शहरासाठी सरकारने शेतं घेतली, मिठागरं घेतली, आणि १९८३ सालापर्यंत गावकऱ्यांकडे राहती घरं तेवढी उरली. मोजणीला आलेल्या दोन माणसांना गावाने दगडांनी पिटाळलं होतं. एकाचा कान फाटला होता, आणि ती गोष्ट गावात अजून चवीने सांगितली जायची.

अशा गावात कांबळे सरांनी नववीच्या पोरांना घरं मोजायला सांगितली. सर लातूरकडचे, शाळेत नवीन, गणित शिकवायचे. शाळेच्या प्रदर्शनासाठी गावातल्या एका आळीचं मॉडेल करायचं त्यांच्या मनात आलं. प्रमाण एकास पन्नास. "खरं माप सेंटिमीटरमध्ये घ्या आणि पन्नासने भागा," सर म्हणाले. "सोपं लक्षात ठेवायचं तर घराचा एक मीटर म्हणजे पुठ्ठ्याचे दोन सेंटिमीटर."

गोजराला हे फार आवडलं. तिचं आणि तिच्या चुलत बहिणीचं, पुतळाचं, घर एकाच छपराखाली. मधे भिंत, अलीकडे गोजराचा बाप देवजी, पलीकडे त्याचा थोरला भाऊ गोटीराम. आजोबांनीच समसमान वाटणी करून दिलेली. भाऊ मात्र शेत सरकारला देण्याच्या संमतीपत्रावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. गोटीरामने आधी अंगठा दिला म्हणून आपलीही जमीन गेली, असं देवजीने मनात धरलेलं. ते खरं नव्हतं, पण राग धरायला खरं लागतं कुठे? पोरी मात्र एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. घराचं मॉडेल दोघींनी मिळून करायचं ठरवलं.

शाळेचा टेप घेऊन गोजरा अंगणात उतरली आणि पुतळाने त्याचं टोक धरलं, तोच देवजी ओटीवरून उडी मारून खाली आला. त्याने पुतळाच्या हातातून टेप हिसकला, तेव्हा पत्र्याच्या टोकाने तिचा तळवा चिरला.

"त्याची पोर माज्या दारात माप घेनार? कोनी धाडलं तुना?"

गोटीराम पलीकडून गरजला, "माज्या पोरीच्या अंगाला हात लावलास तं हात मुळासकट काढीन!"

दोन्ही बायका मधे पडल्या म्हणून निभावलं. देवजीची बायको भागीरथी नवऱ्याला घरात ओढत राहिली आणि दोन रट्टे तिलाच बसले. शेवटी असं ठरलं की जिने तिने आपापली बाजू मोजायची, आपापल्या टेपने, आणि अर्धा अर्धा भाग करून शाळेत जोडायचा. सगळं वाटोळं झालं ते इथे.

गोजराकडे शाळेचा टेप होता. दर्शनी भिंत सहा मीटर दहा सेंटिमीटर. पन्नासने भागल्यावर बारा पूर्णांक दोन. तिने पट्टी तीनतीनदा लावून पुठ्ठा कापला. पुतळाने नामदेवमामाला बोलावलं. नामदेव होड्या बांधणारा सुतार, त्याचा टेप फूट-इंचाचा. त्याच्या हिशेबाने दर्शनी भिंत वीस फूट.

"फुटाला पाव इंच धर," तो म्हणाला. "वीस फुटाला पाच इंच. आमी नकाशे असंच वाचतो."

"पन सरांनी पन्नास सांगितलंय, मामा."

"हे अठ्ठेचाळीस होतं. पन्नासच समज की! दोनाचा काय फरक पडतो?"

मामाच्या होडीला दोनाने काही फरक पडला नसता. पुतळाने पाच इंच मापून घेतले. गोजराने तिला विचारलंही नाही, कारण त्या दिवसांत अंगणात दोघी एकमेकींशी बोलल्या तरी कोणीतरी ओरडायचं.

प्रदर्शनाच्या सकाळी शाळेत दोन्ही अर्धे भाग जोडले, तेव्हा पुतळाचा भाग मागच्या अंगाला जरासा बाहेर आला आणि छप्परही केसभर उंच दिसलं. गोजराला ते खुपलं. सरांना मात्र शंभर कामं होती. "पुठ्ठा आहे, थोडं इकडेतिकडे होणारच," म्हणत त्यांनी वर ठळक अक्षरांत लिहिलं : प्रमाण १ : ५०.

दुपारी गाव लोटलं. देवजीही आला. मॉडेलपाशी येऊन तो प्रथम हसला. लेकीने केलेलं घर बघून त्याची छाती फुगली होती. मग त्याची नजर मधल्या भिंतीवर गेली. त्याने गोजराची पट्टी उचलली, एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला लावली. चेहरा हळूहळू काळवंडला.

"सर," त्याने विचारलं, "ही बाजू अर्धा सेंटिमीटर जास्ती हाय. खऱ्या घरात ते किती व्हईल?"

सरांना प्रश्नाचं कौतुक वाटलं. "पन्नासने गुणायचं. पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे एक वीत, वर थोडं."

"वीतभर," देवजी म्हणाला. मग तो वळला आणि मागे उभ्या असलेल्या गोटीरामच्या तोंडावर त्याने गुद्दा हाणला.

गोटीराम बाकावर कोसळला, बाक उलटला, आणि तो तोंडातलं रक्त थुंकत उठला. देवजी ओरडत होता, "वीतभर भिंत सरकवलीस! शेत खाल्लंस, आता घर खातोस!" गोटीरामने त्याला धरून भिंतीवर आपटलं. सर मधे गेले आणि त्यांचा चष्मा फुटला. कोणाच्या तरी लाथेने मॉडेल जमिनीवर आलं, पोरांनी रंगवलेली आळी पायांखाली चिरडली. देवजी सुटला आणि घराकडे धावला. पहार आणायला चाललाय, हे सगळ्यांना कळलं. गोटीराम त्याच्या मागे.

गोजराने गुडघ्यावर बसून घर उचललं. दोन्ही छपरं शेजारी धरली. पुतळाची बाजू नुसती रुंद नव्हती, उंचही होती. खऱ्या घराचं आढं तर एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाकूड. भिंत सरकवून कोणाचं छप्पर उंच होतं का?

"पुतळे, तू किती धरलंस?"

"फुटाला पाव इंच," पुतळा रडत म्हणाली. "मामाने सांगितलं."

एका फुटात बारा इंच, एका इंचात चार पाव. एकास अठ्ठेचाळीस. गोजरा ओरडतच पळत सुटली, पण तिचं ऐकणारा कोण होता?

ती पोचली तेव्हा देवजीची पहार मधल्या भिंतीत घुसलेली होती. कुडाची भिंत ती, मातीचे ढेपे धबाधबा पडत होते आणि आतल्या कारवीच्या काठ्या कडाकड मोडत होत्या. भागीरथी त्याच्या कमरेला लटकली होती, त्याने तिला झटकून चुलीवर पाडलं. दारात अर्धं गाव जमलेलं, अडवायला एकही पुढे होईना.

"बाबा! भिंत जागेवरच हाय! माप चुकलं, आमचं माप चुकलं!"

भगदाडातून पलीकडचा गोटीराम दिसला, हातात कोयता. त्याने तो भगदाडातूनच चालवला. पात्याने देवजीचा दंड उघडला, रक्ताची चिळकांडी गोजराच्या फ्रॉकवर उडाली. देवजीने पहार दोन्ही हातांनी उचलली आणि भगदाडातून आत शिरून भावाच्या डाव्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज दारातल्या लोकांनीही ऐकला. गोटीराम खाली पडला तरी देवजीने आणखी एक घाव घातला, तो कोपरावर बसला. तिसऱ्या वेळी गोजराने पहारीला मिठी मारली आणि ती पहारीसकट भिंतीवर आदळली. तिच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा कुठे देवजीचे हात खाली आले.

पोलीस आले. देवजीला नेलं, गोटीरामला दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण खांदा कायमचा गेला. पुतळाला तिच्या आईने शाळेतून काढलं आणि उरणला मावशीकडे धाडायचं ठरवलं. गोजराला बाकी काही नको होतं, फक्त पुतळा जायला नको होती.

म्हणून ती दवाखान्यात काकाच्या खाटेपाशी गेली. तिने पुठ्ठ्याचे दोन तुकडे त्याच्यापुढे ठेवले, पाव इंचाचा आणि पन्नासचा हिशेब दोनदा समजावला. गोटीरामने उजव्या हाताने तुकडे उचलून पाहिले.

"म्हंजे त्याला खरंच वाटलं, मी वीतभर खाल्ली?"

"हां, काका. पट्टीने दिसलंच तसं."

"गैरसमज झाला तर," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळलं. "धाकटा हाय. डोकं भडकलं त्याचं. मी तक्रार सोडतो. त्याने माज्याकडं येऊन चुकलो म्हनावं, बस. पुतळी पन हितंच र्‍हाईल."

देवजी सुटून आला, दंडाला पट्टी. गोटीरामही प्लास्टर बांधून घरी आला आणि खाटेवर पडला. मधल्या भगदाडावर भागीरथीने गोणपाट टांगलं होतं. संध्याकाळी गोजराने बापापुढे ताट ठेवलं आणि शेजारी तेच दोन तुकडे मांडले. तिने आढ्याचं सांगितलं, अठ्ठेचाळीसचं सांगितलं. देवजी खाली मान घालून ऐकत होता. तुकडे त्याने हातातही घेतले नाहीत, याचं तिला नवल वाटलं.

"बाबा, काकाने माफ केलंय. गैरसमज झाला, एवढं जाऊन सांगा."

"गैरसमज," देवजी म्हणाला. घास ताटातच राहिला. मग एवढे दिवस छातीत अडकलेलं त्याच्या तोंडून बाहेर आलं. "शाळेत व्हता गैरसमज. हितं नाय. पयल्याच घावाला खालची माती पडली अन् पाया उघडा पडला. बाने वाटनीला दगड रोवले व्हते, आमी दोघांनी दोरी धरली व्हती. भिंत त्या दगडांवर व्हती. रतीभर हलली नव्हती. मना दिसलं."

"मंग थांबला का नाय तुमी?"

"समदा गाव दारात. पहार हातात. अन् शेताचा राग व्हताच की पोटात." त्याने डोळे पुसले. "दिसल्यावर मारलं मी त्याला, गोजरे. बघून, समजून मारलं."

गोजराने घाबरून गोणपाटाकडे पाहिलं. पलीकडे खाट करकरली. कोणीतरी मोठ्या कष्टाने उठून बसत होतं.

"पुतळे," गोटीराम शांतपणे म्हणाला, "माजा उजवा हात चांगला हाय. कोयता दे."

गोजरा उठली आणि दोन्ही हात पसरून गोणपाटापुढे उभी राहिली.