कुसुमची सोडत

माझी बायको कुसुम आयुष्यभर कुपनं भरत आली. साबणाच्या वेष्टनातलं कुपन, दिवाळीत कापडदुकानात मिळणारं कुपन, ग्राहक पेठेच्या प्रदर्शनातलं कुपन, एकही तिनं सोडलं नाही. आपल्याजवळ ठेवायच्या तुकड्यावरसुद्धा ती नाव आणि फोन नंबर लिहायची, उगाच घोळ नको म्हणून. एवढं करून तिला मिळालं काय, तर एक प्लॅस्टिकची बादली. मंडईतून घरी येईपर्यंत तिची कडी निसटली होती. "लक्ष्मी प्रसन्न झाली, पण कडीशिवाय," असं मी त्या दिवशी म्हणालो आणि पुढे वीस वर्षं म्हणतच राहिलो.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होतो. मालावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला नाही तर माल परत, हा माझा धर्म. त्यामुळे बायकोची टिंगल करायचा मला जणू सरकारी परवानाच होता. ती ऐकून घ्यायची. चौदा महिन्यांपूर्वी गेली.

दोन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, माझ्या मोबाइलवर संदेश आला. 'अभिनंदन! सूर्यतारा कंपनीच्या रौप्यमहोत्सवी सोडतीत आपल्याला पंचवीस लाखांचं बक्षीस लागलं आहे.' खाली फोन करण्यासाठी नंबर. मी मोठ्यानं हसलो. या नावाची कंपनी मला ठाऊक नाही, तिच्या कुठल्या सोडतीत मी भाग घेतला नाही, मग बक्षीस काय वाऱ्यानं लागलं? संदेश पुसायला बोट ठेवलं आणि थांबलो. मी भाग घेतला नव्हता. पण कुसुमनं घेतला असेल तर?

हा विचार एकदा आला आणि मग जाईना. तिनं कुठल्या कुठल्या डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या होत्या याचा हिशेब मी कधी ठेवला होता? मी फोन लावला.

"बक्षीस विभागातून श्यामसुंदर बोलतोय," पलीकडचा तरुण म्हणाला.

"हे बक्षीस कुसुम सबनीस यांच्या नावावर आहे का?" मी विचारलं. "कुसुम यज्ञेश्वर सबनीस?"

"एक मिनिट हं, काका." मग म्हणाला, "हो, हो. कुसुम मॅडमच. अभिनंदन!"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पैशाचं मला काय करायचं होतं? निवृत्तिवेतन पुरून उरतं, मूलबाळ नाही. पण ती जिंकली होती. वीस वर्षं मी तिला हसलो आणि शेवटी तीच बरोबर निघाली होती. एवढं खरं ठरलं असतं, तर तिच्या फोटोसमोर उभं राहून मला माफी मागता आली असती.

त्यानंतर श्यामसुंदरचा रोज फोन येऊ लागला. "काका, जेवलात का?" अशी सुरुवात करायचा. कुसुम गेल्यापासून एवढी चौकशी कुणी केली नव्हती. गुरुवारी म्हणाला, कर आणि कागदपत्रांचा खर्च म्हणून साडेअठरा हजार आधी भरावे लागतील, मोबाइलवरून पाठवा, आणि एवढ्यात कुणाला बोलू नका. मोबाइलवरून पैसे पाठवायचं मला येत नाही. मी म्हणालो, उद्या बँकेत जातो, तसा त्यानं एक खाते क्रमांक लिहून घ्यायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी अर्ज भरून मी आमच्या शाखेत नीरजाच्या काउंटरवर ठेवला. ही नीरजा तीन वर्षं तिथं आहे, फटकळ, पण कामाला चोख. तिनं अर्जावरचा खाते क्रमांक संगणकात घातला.

"काका, गेनबा कोण?"

"कोण गेनबा?"

"ज्याला तुम्ही पैसे पाठवताय तो. खातं त्याच्या नावावर आहे. आपलं साधं बचत खातं."

मी सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. "आपण कुठं भाग घेतलाच नाही, तर बक्षीस लागेल कसं? सोडतीच्या डब्यात लोकांनी टाकलेल्या चिठ्ठ्याच असतात. जी चिठ्ठी आत गेलीच नाही, ती बाहेर कशी येणार? हेच संदेश हे लोक लाखो नंबरांना पाठवतात."

"मी नसेल घेतला. हिनं घेतला होता," मी म्हणालो आणि पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. कुसुमनं जपलेले सगळे तुकडे त्यात होते. पुरावा म्हणून मी मुद्दाम आणला होता. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसानं सुस्कारा सोडला, तसं नीरजानं त्याला शेजारच्या काउंटरवर पाठवलं.

तिनं एकेक तुकडा पाहिला. चांगली दहा मिनिटं. "सूर्यताराचा एकही नाही."

"एखादा हरवला असेल."

"असेल. पण काका, हा नंबर कुठला? सगळ्यांवर हाच आहे."

"घरचा. जुना फोन. मोबाइल माझा, म्हणून ती तो कधी लिहायची नाही." माझा आवाज बोलता बोलता बारीक झाला. तो फोन मी ती गेल्यावर बंद करून टाकला होता.

"मग काकूंच्या कुपनावरून त्यांना तुमचा मोबाइल कसा मिळाला?"

कारखान्यात चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच विचारत आलो होतो.

"आणि त्यांच्या संदेशात काकूंचं नाव होतं का? की फोनवर ते आधी तुम्हीच घेतलंत?"

तो सोमवारचा फोन मला शब्दन् शब्द आठवला. नाव मीच घेतलं होतं. त्यानं फक्त हो म्हटलं होतं.

"खरं रोख बक्षीस असेल ना, तर कर त्यातूनच कापतात आणि उरलेलं देतात," नीरजा हळू आवाजात म्हणाली. "आधी कुणा गेनबाच्या खात्यात भरा म्हणत नाहीत." तिनं माझा अर्ज फाडला, नंबर अडवून ठेवायचा कसा ते दोनदा दाखवलं, आणि यांचा पुन्हा त्रास झाला तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या एकोणीसशे तीस या नंबरवर कळवा म्हणाली. मग तुकडे डब्यात नीट लावताना म्हणाली, "अक्षर फार सुरेख आहे हो काकूंचं."

"होतं," मी म्हणालो.

घरी आलो. माझे साडेअठरा हजार वाचले होते आणि कुसुम पुन्हा हरली होती. या वेळी तिनं खेळही मांडला नव्हता, मीच परस्पर तिला त्यात उतरवलं होतं. जेवायची इच्छा नव्हती. नंबर अजून अडवला नव्हता. दुपारी दोनला फोन वाजला.

"काका, जेवलात का? भरले का पैसे?"

तोंडाशी आलेल्या शिव्या गिळून मी विचारलं, "बक्षीस कुणाचं आहे म्हणालास?"

"मॅडमचं."

"पूर्ण नाव सांग."

"कुसुम यज्ञेश्वर सबनीस."

शेजारीपाजारी तिला काकू म्हणतात, नातेवाईक वहिनी म्हणायचे. हल्ली तेही म्हणत नाहीत, समोर आले की विषय बदलतात. या घरात तिचं पूर्ण नाव माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी घेतल्याला चौदा महिने झाले होते.

"पुन्हा एकदा सांग," मी म्हणालो.

त्यानं सांगितलं. मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याचा नंबर कायमचा अडवून टाकला. त्याला आज नऊ दिवस झाले. फोन वाजलेला नाही.