आधार: जमीन

उलव्यातल्या साइटवर काँक्रीटच्या तीन गाड्या गेटपाशी घरघरत होत्या, आणि ते ओतायची परवानगी साइट इंजिनिअर संघमित्राने द्यायची होती. पोडियमवरच्या, म्हणजे टॉवरखालच्या बैठ्या इमारतीवरच्या, ट्रान्सफर स्लॅबची जाडी एक मीटर ऐंशी. वरच्या चौदा मजल्यांचे कॉलम त्याच्यावरच बसणार. ओला असताना त्याचा भार चौरस मीटरला साडेचार टन, शिवाय शटरिंगचा साचा आणि माणसं. तो पेलणारे टेकू पोडियमच्या स्लॅबवर उभे होते, आणि त्या स्लॅबला एक टनही जड जातो. त्याच्याखाली दोन तळघरं, रिकामी. भार पायापर्यंत न्यायला तिथेही टेकू हवे होते. शेवटची पाहणी म्हणून ती तळघरात उतरली, तेव्हा तिथे पार्किंगचे पांढरे पट्टे तेवढे दिसले.

शटरिंगच्या डिझायनरला माहिती देणारं ब्रीफ तिनेच भरलं होतं. भरलं कसलं, पहिल्या टॉवरचं उचलून तारीख बदलली होती. त्या टॉवरला तळघर नव्हतं. ‘टेकूंचा आधार: जमीन’ ही ओळ तशीच राहिली आणि डिझायनरने त्यावरच नकाशा काढला. सगळ्या तपासण्या नकाशाप्रमाणे, नकाशा ब्रीफप्रमाणे, आणि ब्रीफ चुकलेलं. अक्कल गहाण टाकली होती बाईने!

“काँक्रीट ओतणं थांबवायचं,” ती साइट ऑफिसात येऊन म्हणाली. “नवं डिझाइन, खाली टेकू. आठ दिवस तरी.”

प्रोजेक्ट मॅनेजर मितेश म्हात्रेने परवानगीचा फॉर्म पुढे सरकवला. “आठ दिवस? मॅडम, ब्रीफवर सही तुमचीच हाय. थांबवलं तर कारन लिहावं लागेल. मग तुमाला कोन ठेवील? सही करा, काय होत नाय.”

सही केली तर माणसं जिवानिशी जातील, नाही केली तर नोकरी. चूक दुसऱ्या कुणाची असती तर तिने आत्तापर्यंत साइट डोक्यावर घेतली असती. हे कळलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

तेवढ्यात सुतारांचे मुकादम भगवानकाका आले. काँक्रीट ओतणं चालू असताना टेकू हलतात का, हे बघायला त्यांची अकरा माणसं खाली थांबायची. “ताई, सही झाली का? पोरं खाली धाडतो.” मागच्या आठवड्यात त्यांनीच विचारलं होतं, तळघरात टेकू नाहीत का लागत? नकाशात नाहीत ना, मग नकोत, असं तिने मान वर न करता सांगितलं होतं.

“कुणालाही धाडू नका, काका.” फॉर्मवर ‘परवानगी नाही’ लिहून तिने खाली कारण लिहिलं, स्वतःच्या नावासकट. मितेश फोन कानाला लावून तणतणत बाहेर गेला.

काकांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला. मग दारातून माणसांना हाक मारली. अकराही जण येऊन उभे राहिले.

“आता ह्यान्ला वाचून दाखवा,” काका म्हणाले. “मोठ्यानं.”

तिने वाचायला सुरुवात केली. पहिलाच शब्द ‘मी’ होता.