काढून ठा

मोठ्या दिरांचा निरोप आला तेव्हा धाकटी संकलनगृहाच्या मागच्या खोलीत, थंड हवेत शाल गुंडाळून बसली होती. त्या खोलीत सर्व्हर घोंघावत असे आणि बाहेरच्यांना वाटे की आत कोणीतरी सतत दळण दळतंय. चित्रपटगृहात न लागणारे, पण बघितले की माणसाची झोप उडवणारे माहितीपट हे कुटुंब बनवत होतं. मोठे दीर मालक, त्यांचा मेहुणा निर्मितीचा कारभार बघणार आणि जे काही चित्रित होऊन येईल ते सांभाळणार ही. सांभाळणं म्हणजे साठवणं, दुसरी प्रत करणं आणि नको ते पुसणं. शेवटचं काम तिच्या पासवर्डशिवाय होत नसे.

निरोप असा होता: "आगीचं जुनं सगळं काढून ठा. जागा हवी आहे. मी विमानात बसतोय"

एवढंच. त्यापुढे टिंबही नाही.

धाकटीने दोनदा वाचलं. 'काढून ठेव' असतं तर ठीक होतं, सगळं नव्या डिस्कवर हलवून बाजूला ठेवायचं. 'काढून टाक' असतं तरी ठीकच, पुसायचं. पण 'ठा' म्हणजे काय? ठेवमधला ठ आणि टाकमधला काना. त्या दोघांनी एकमेकांच्या घरात शिरून बसावं तसं. एक अक्षर इकडे वळवलं तर चित्रीकरण राहतं, तिकडे वळवलं तर जातं.

तिने फोन लावला. बंद. मग निरोप लिहिला: "भाऊजी, ठेवू की टाकू?"

तोवर मामा आलाच. मामा हा मोठ्या दिरांचा मेहुणा. घरातली मुलं मामा म्हणायची म्हणून सगळं संकलनगृहही मामाच म्हणे. त्याच्या हातात कॅमेऱ्याच्या कार्डांचा डबा होता.

"वहिनी, ही कार्डं रिकामी करून द्या. संध्याकाळी पथक परत चित्रीकरणाला निघतंय. दाजींनी सांगितलंय ना जागा करायला?"

"काय सांगितलंय ते नीट कळलं नाही," धाकटीने फोन पुढे केला.

मामाने वाचलं आणि तो हसला. "त्यात न कळण्यासारखं काय आहे? काढून टाक. जागा हवी आहे असं पुढे लिहिलंय की."

"हलवूनही जागा होते."

"हलवायला दिवस जातो. पुसायला किती, पाच मिनिटं?"

"पुसायला पाच मिनिटं. परत आणायला जन्म."

मामाने डबा टेबलावर ठेवला. "आगीचा चित्रपट होऊन वर्ष झालं. दाखवून झाला, बक्षीस घेऊन झालं. आता ते कच्चं चित्रीकरण कशाला हवं? तुम्ही उगाच कीस काढताय."

आगीचा चित्रपट म्हणजे कापडाच्या कारखान्याला रात्रपाळीत लागलेल्या आगीचा. त्यातून वाचलेल्या बायका कॅमेऱ्यासमोर बोलल्या होत्या. चित्रपटात त्यातलं तासाभराचं आलं, बाकीचं सगळं इथे सर्व्हरवर होतं. पुढे कारखान्याच्या मालकाने समेट केला आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी तोंड मिटलं. आता कोणी विचारलं तर 'आम्ही तिथे नव्हतोच' म्हणतात. चित्रपटाची दिग्दर्शिका उद्या येणार होती. कशासाठी, हे धाकटीला ठाऊक नव्हतं. येते म्हणाली होती, एवढंच.

"दुसरी प्रत आहे ना तुमच्याकडे?" मामा म्हणाला. "बाहेरच्या डिस्कवर. मग झालं तर. पुसा."

धाकटीने प्रतीचा तपशील उघडला. दुसरी प्रत होती. पण प्रत केल्यावर मूळ फायली आणि प्रतीतल्या फायली तंतोतंत जुळतात का, हे तपासावं लागतं. ती तपासणी वर्षापूर्वी मध्येच थांबली होती. कोणी थांबवली, हे तपशिलात नव्हतं. मामाने तेव्हा डिस्क घाईत बाहेर काढून नेली होती हे मात्र तिला आठवत होतं. जवळजवळ तिसरा हिस्सा न तपासलेला.

"आहे म्हणजे असेल," ती म्हणाली. "आणि आपल्या सर्व्हरवर पुसलेलं परत आणायची सोय आपण मागच्याच महिन्यात बंद केली. जागा खाते म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं. पुसलं की पुसलं."

"म्हणजे खापर आता माझ्या डोक्यावर?"

"खापर कुणाच्याच डोक्यावर नको म्हणूनच विचारतेय."

मामा खुर्ची ओढून बसला. आता समजावण्याचा सूर. हा सूर धाकटीला पाठ होता, कारण लग्न होऊन आल्यापासून तिने तो घरात रोज ऐकला होता. या घरात चांगल्या सुनेची व्याख्या एकच, न सांगता ओळखणारी. सासूबाई मीठ मागायच्या नाहीत, नुसत्या ताटाकडे बघायच्या. सासरे हवं ते न बोलता खाकरायचे. जो विचारेल तो मठ्ठ. मोठ्या जाऊबाई सगळं ओळखायच्या, म्हणून त्या लाडक्या. त्यांनी चुकीचं ओळखलं तर घरातलं कोणी काही बोलायचं नाही, तेवढं पचवून सगळे पुढे जायचे. ताटातलं मीठ चुकलं तर चुकलं. इथे ताट नव्हतं.

"वहिनी, दाजींचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही का? त्यांना पुन्हा विचारलेलं आवडत नाही. मोठ्या दिराचा शब्द, आणि तुम्ही त्याच्या मात्रा तपासत बसताय."

"मात्राच चुकलीय ना, मामा."

"बरं, मला पासवर्ड द्या. मी पुसतो. जबाबदारी माझी."

धाकटीला राग आला, पण आवाज वर गेला नाही. तिचा राग थंड खोलीत गोठत असे.

"जबाबदारी तुमची म्हणजे काय होणार? त्या बायका पुन्हा बोलतील का? तुम्ही सॉरी म्हणाल, आणि त्यावर सगळे म्हणतील, बिचारा, त्याला काय माहीत. पासवर्ड मिळणार नाही."

"मग पथकाला काय सांगू? कार्डं भरलेली आहेत, वहिनी. संध्याकाळी काय मोबाइलवर चित्रीकरण करतील?"

हा मात्र खरा प्रश्न होता, आणि धाकटीला तो मान्य होता. नुसतं 'विचारते' म्हणून हात झटकून बसणं म्हणजे दुसऱ्याला अडकवणं. तिने सर्व्हर उघडून नीट बघितलं. संकलनाचं काम चालू असताना संगणक स्वतःच तात्पुरत्या फायली तयार करतो, पडद्यावर चित्र अडखळू नये म्हणून. त्या गेल्या तर पुन्हा तयार होतात, थोडा वेळ लागतो इतकंच. तीन प्रकल्पांच्या अशा फायली साचल्या होत्या. तिने संकलकांना विचारलं, दोघांनी चालेल म्हटलं, एकाने कुरकुरत चालेल म्हटलं. मग तिने फक्त तेवढ्याच पुसल्या. कार्डांपुरती जागा झाली. आगीच्या फोल्डरला बोटही लागलं नाही.

"तुमची कार्डं घेते," ती म्हणाली. "दोन ठिकाणी उतरवते, जुळवून बघते आणि मगच परत देते."

मामा म्हणाला, "एवढं आधीच करता आलं असतं की." आणि डबा तिथेच ठेवून चहाला गेला. त्याने आभार मानले नाहीत. तिला आभार नकोच होते, पण 'आधीच' हा शब्द तिच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला.

दुपारी विमान उतरलं. फोनवर उत्तर आलं. धाकटीने घाईने उघडलं.

"हो."

ती त्या एका अक्षराकडे बघत राहिली. ठेवू की टाकू, असं विचारलं तर 'हो'. घरात चहा की कॉफी विचारलं तरी भाऊजी असंच उत्तर द्यायचे आणि मग जाऊबाई ओळखून चहा करायच्या.

मामाने तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. "बघा, हो म्हणाले."

"कशाला हो म्हणाले?"

"टाकायला. शेवटचा शब्द तोच होता ना तुमच्या निरोपात."

प्रश्न चुकीचा विचारला होता, हे धाकटीच्या लक्षात आलं. दोन पर्याय देऊन उपयोग नाही, परिणाम सांगायला हवा. तिने फोन लावला आणि मामाच्या समोर स्पीकरवर टाकला.

"काय गं, आता काय?" मागे सामानाच्या पट्ट्याचा खडखडाट, कोणीतरी टॅक्सी टॅक्सी ओरडतंय.

"भाऊजी, तुम्ही 'काढून ठा' असं लिहिलंय. मी आगीचं सगळं मूळ चित्रीकरण आत्ता कायमचं पुसू शकते. ते परत येणार नाही. त्याची दुसरी प्रत अर्धवट तपासलेली आहे, ती चालेलच असं मी सांगू शकत नाही. पुसू?"

पलीकडे शांतता पसरली. खडखडाट चालू होता, माणूस मात्र गप्प. धाकटीला ती शांतता नीट ऐकू आली. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाची ती शांतता नव्हती, पहिल्यांदाच विचार करणाऱ्या माणसाची होती.

"अर्थात ठेव," भाऊजी म्हणाले. "ठेवच म्हणालो होतो मी. उद्या ती दिग्दर्शिका आगीच्या चौकशी समितीला द्यायला तेच मागायला येतेय. पुसायला कोण सांगेल? एवढं समजायला नको?"

धाकटीचे कान तापले. खरंच ठेव म्हणायचं होतं की टाक, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. भाऊजींनाही नाही. जागा हवी, विमान सुटतंय, अंगठा कुठेतरी पडला. आणि आता ते ठेव होतं, कारण ते ठेवच असायला हवं होतं.

"नाही समजलं," ती म्हणाली. "मामांनाही नाही. ते टाक म्हणत होते."

"मी म्हणालो, दाजींचा जो अर्थ असेल तो," मामा घाईघाईने म्हणाला.

"बरं, कामाला लागा आता. माझी बॅग आली."

"थांबा, भाऊजी. मला लिहून पाठवा. 'आगीचं चित्रीकरण हलवून ठेव, पुसू नकोस.' पूर्ण वाक्य. ते आल्याशिवाय मी हात लावणार नाही. आजही नाही आणि इथून पुढेही नाही."

"आता मोठ्या दिराला शुद्धलेखन शिकवणार का तू?"

"शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. मला फक्त 'पुसू नकोस' हवंय."

फोन बंद झाला. मामा छताकडे बघत होता. थोड्या वेळाने निरोप आला. वाक्य पूर्ण होतं, शेवटी टिंबही होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, विमानातून उतरलेल्या माणसाला छळू नये.

धाकटीने तो निरोप जतन केला, नव्या डिस्कांचं खोकं उघडलं आणि पहिली डिस्क जोडली. हलवायचं म्हणजे आधी प्रत, मग जुळवणी, आणि जुळल्यावरच जुन्या जागेवरचं जाणार. रात्र जाणार होती.

"मी म्हणतो," मामा सलगीने म्हणाला, "उद्या ती बाई आली की तिला यातलं काही सांगायची गरज नाही. घरातली गोष्ट."

"ती विचारेल तेवढं सांगेन," धाकटी म्हणाली. तिने खोक्यातल्या उरलेल्या डिस्का आणि पेन त्याच्यासमोर सरकवलं. "बसा. नावं घाला यांच्यावर. पूर्ण नावं, मामा."