हिरवं लुगडं, निळी गोधडी

गोदाबाईंच्या घरी भरदुपारी परक्या घरच्या आया येऊन बसतात, असं त्यांची सून आचल म्हणते. म्हणो बापडी. लोक गेलेल्या आईची लुगडी पाठवतात, अमरावतीत या दोघी त्यांच्या गोधड्या शिवतात. कापराचा अन् जुन्या पेटीचा वास घरभर तरंगत असतो. त्या वासात माणसाची तंद्री लागणारच.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या ताराताईंनी आईची दोन लुगडी पाठवली होती. दोन गोधड्यांचे चार हजार आचलच्या वेबसाइटवर कार्डानं भरले होते. निळ्याची गोधडी झकास जमली, काठ तेवढा शिवायचा राहिला होता. हिरवं मात्र इतकं विरलेलं, की सुई लागली की फाटे.

"एका गोधडीचे पैसे वापस कर," गोदाबाई म्हणाल्या.

"करतो," आचल म्हणाली. "पण आई, पेमेंट गेटवेवाल्यानं पैसे येतानाच फी कापली. रिफंड केला तरी ते फी तो वापस देत नाई. तेवढी कापून देऊ काय?"

"काम आपल्यानं झालं नाई अन् भुर्दंड तिले काहून? पुरे दोन हजार दे."

आचलनं लॅपटॉप उघडला. नजर निळ्या काठावर, मन भलतीकडेच. रिफंडच्या रकान्यात पूर्ण रक्कम आधीच भरलेली येते. अर्धेच द्यायचे तर ती खोडून नवा आकडा लिहावा लागतो. तिनं न खोडताच बटण दाबलं आणि पुन्हा काठ शिवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताराताई दारात. डोळे सुजलेले, हातात मोबाइल.

"पैसे खात्यात यायला आठवडा लागेल म्हणे, पण मेसेज कालच आला. पूर्ण चार हजार परत! म्हणजे दोन्ही लुगडी गेली ना, मावशी? मला पैसे नकोत. चिंध्या तरी द्या."

आचलनं लॅपटॉप उघडून आकडा पाहिला. निघालेला रिफंड माघारी घेता येत नाही. ती रक्कम आता पुढच्या गिऱ्हाइकांच्या जमेतून वळती होणार. शिवाय चार हजारांवर कापलेली चौऱ्याण्णव रुपयांची फी गेली ती गेलीच. पण समोरची बाई रात्रभर रडली होती, त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

"माह्याच हातून चुकलं, ताई. अर्धेच द्याचे होते."

गोदाबाईंनी निळी गोधडी ताराताईंच्या मांडीवर पसरली. ताराताईंनी तीत तोंड खुपसलं. तोंड वर काढून विचारलं, "आणि हिरवं?"

"यातच हाय. वरून टिकत नव्हतं, मंग आतल्या थरात घातलं. हात फिरवून पाह्य."

ताराताई हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसून पर्स उघडली. "एका गोधडीचे दोन हजार घ्या. की लिंक पाठवता?"

"लिंक नोको. पुन्हा फी कापतीन," गोदाबाई म्हणाल्या, आणि नोटा आचलकडे देऊन चहा टाकायला उठल्या.

चहा घेऊन आल्या, तेव्हा ताराताई खाटेवर गोधडी पांघरून गाढ झोपलेल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन.

"उठवू नोको तिले," गोदाबाई हळूच म्हणाल्या. "बडनेऱ्याहून अकोल्याले संध्याकाळी बी गाडी हाय."

आचलनं खडखडणारं शिलाई मशीन बंद केलं.