शेंगेची भावकी

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात हवालदार मानसिंग महायुद्धावरून धडधाकट परतला आणि घरी आईच्या तावडीत सापडला. रावळपिंडीच्या छावणीत त्यानं जन्मात पहिल्यांदा अक्रोड खाल्ला होता. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. पलटणीच्या डॉक्टरनं सुई टोचून वाचवलं आणि अक्रोड आयुष्यभर बंद केला. हे त्यानं आईला सांगितलं, तिथंच बिचारा फसला.

त्याची आई अंबूबाई म्हणजे गावातल्या उपासांची फौजदार. उपासाला काय चालतं हे सगळ्या बायका तिलाच विचारत. ती म्हणाली, "अक्रोड उपासाला चालतो, शेंगाबी चालत्यात. म्हंजी एकाच भावकीची. आजपास्नं शेंगा बंद!"

कुटाशिवाय वांगी आणि चटणीवाचून भाकरी! असलं जेवण मी वैऱ्यालाही वाढणार नाही. शेवटी शेजारधर्म म्हणून मीच मायलेकांना गाडीत घालून साताऱ्याला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, भावकी चुकली. अक्रोड झाडावरचा. भुईमूग तूर-हरभऱ्याच्या घरचा. मुळांवर तशाच गाठी असतात, उपटून बघा. पण नुसत्या भावकीवर भरवसा नको, काहींना दोन्ही बाधतात. हवालदार, अक्रोडानंतर कधी शेंगा खाल्ल्या?"

मानसिंगनं चोरून आईकडं बघितलं. नाही म्हणावं तर शेंगा कायमच्या गेल्या.

"व्हय," तो पुटपुटला. "रोजच. मळ्यात, भाजून."

"आन म्या कोल्ह्यांच्या नावानं बोटं मोडत हुते!" अंबूबाई कडाडली.

"खाल्ल्यावर काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. आईचं भ्या वाटतं, तेवढंच."

डॉक्टर हसले. "मग खुशाल खा. अक्रोड मात्र चुकूनही नको. बदाम-पिस्त्यालाही विचारल्याशिवाय हात लावू नका."

मानसिंगचा चेहरा उजळला. अंबूबाईचा मात्र उतरला.

"डाक्टर, हरभऱ्याच्या घरचा म्हंजी कडधान्यच की वं?"

"त्याच जातीचा."

"आवं, मग माजं उपास?"

डॉक्टर एकदम टेबलावरच्या बाटल्या नीट लावू लागले. मला त्या माउलीची दया आली, पण हसूही आवरेना. जन्मभर तिनं उपासाला मूग-मटकीचा वारा लागू दिला नव्हता आणि दाणे मात्र मुठीमुठीनं खाल्ले होते.

परतताना ती वाटभर बोटांवर आपले उपास मोजत होती. वेशीपाशी आल्यावर म्हणाली, "मान्या, शेंगा खायाच्यात न्हवं?"

"व्हय."

"मग तोंड मिटून खायाच्या."

घरी येताच तिनं दाणे भाजले, लसूण-मिरची घालून उखळात चटणी कुटली. त्या वासानं शेजारची हरणाबाई दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हनला गं डाक्टर?"

"शेंगा चालत्यात म्हनला."

"आन भावकी?"

"फळ हाय म्हनला. उपासाचंच."

हरणाबाईनं खात्रीसाठी मानसिंगकडं बघितलं. गोऱ्या साहेबाला तोंडावर खरं सुनावून बढती घालवलेला हा गडी. त्यानं भरल्या तोंडानं मान डोलावली आणि भाकरीवर आणखी चटणी ओढली.